घन पदार्थातून आयन जास्त वेगाने कसे जातील? (सॉलिड-स्टेट बॅटरीबद्दल एक भाबडा प्रश्न)

उंबरठा
सध्या जिकडेतिकडे वाचतोय की सॉलिड-स्टेट बॅटरी आली की गाडी १० मिनिटांत चार्ज होणार. टोयोटाने २०२३ मध्ये तसं उद्दिष्ट जाहीर केलं होतं, १० ते ८० टक्के १० मिनिटांत, आणि गाड्या २०२७-२८ च्या सुमारास. ते होईल तेव्हा होईल. माझं अडलंय ते अगदी पहिल्या पायरीवर.

आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन टोकांच्या मध्ये द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. नव्या सेलमध्ये द्रवाच्या जागी घन पदार्थ, सिरॅमिकसारखा. आता मला सांगा, पाण्यात पोहणारा जास्त वेगाने जाईल की भिंतीतून पोहणारा? मग घन केल्यावर चार्जिंग हळू व्हायला हवं, जलद कसं? बातम्यांमध्ये फक्त 'घन असल्यामुळे जलद' एवढंच लिहितात. कोणी नीट समजावेल का?

हलकंफुलकं
भिंतीतून पोहणारा! आमच्या ऑफिसात एक आहे, दुपारी तीननंतर थेट भिंतीतून घरी जातो.

तारतम्य
सोपं आहे. घन पदार्थात कण दाटीवाटीने असतात, म्हणून वीज पटकन वाहते. तांब्याची तार घनच असते की! शिवाय घन इलेक्ट्रोलाइट पेट घेत नाही, त्यामुळे हवा तेवढा करंट ढकलता येतो. संपला विषय.

घड्याळजी
मी गेली पाच वर्षं लॅपटॉपमध्ये सॉलिड-स्टेट वापरतोय. फरक जमीन-अस्मानाचा. चालू केला की दहा सेकंदात तयार. पण बॅटरी मात्र आहे तशीच उतरते.

हलकंफुलकं
घड्याळजी, ती डिस्क हो. :)

काचपेटी
तारतम्य, दोन वाक्यांत एक चूक आणि एक अर्धं बरोबर. तांब्यातून इलेक्ट्रॉन वाहतात. इलेक्ट्रोलाइटमधून इलेक्ट्रॉन वाहू लागले तर त्याला आपण शॉर्ट म्हणतो. इलेक्ट्रोलाइटचं कामच हे की आयनला वाट द्यायची आणि इलेक्ट्रॉनला अडवायचं, म्हणजे ते बिचारे बाहेरच्या तारेने फिरून जातील आणि आपलं काम होईल. आगीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्यावर नंतर.

उंबरठा, तुमचा प्रश्न मुळीच भाबडा नाही. पण त्यात एक गृहीतक लपलंय की आजचा सेल द्रवामुळे हळू चार्ज होतो. मी काही वर्षं प्रयोगशाळेत सेल बनवायचं आणि मेल्यावर उघडायचं काम केलंय, म्हणून आधी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

सेल उघडायचा तो आर्गॉन भरलेल्या पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून. व्यवस्थित चार्ज केलेला सेल उघडला तर आतलं ग्रॅफाइट काळं नसतं, चक्क सोनेरी दिसतं. लिथियम ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून बसलं की त्याचा रंग काळ्यावरून निळसर, मग लालसर आणि पूर्ण भरल्यावर सोनेरी होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते. आता तसाच सेल घाईघाईने चार्ज केलेला उघडा. सोनेरी पृष्ठभागावर राखाडी, मळकट चंदेरी चट्टे दिसतात, आणि तेही दोन टोकांना वेगळं ठेवणाऱ्या पातळ पडद्याकडे, म्हणजे सेपरेटरकडच्या बाजूला जास्त. ते चट्टे म्हणजे थरांत न शिरता बाहेरच साचलेलं लिथियम धातू.

जलद चार्जिंगचा खरा अडसर हा आहे. ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरतं तो व्होल्टेज आणि लिथियम धातू म्हणून साचतं तो व्होल्टेज, यांत जेमतेम ०.१ व्होल्टचं अंतर असतं. करंट वाढवला की ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर रांग लागते, तो तुटपुंजा फरक संपतो, आणि आयन आत जायची वाट न पाहता दारातच बैठक मारतात. त्यातलं बरंचसं लिथियम परत वापरात येत नाही, म्हणजे क्षमता गेली. आणि ते काट्यासारखं वाढत सेपरेटरपार गेलं तर आग.

आजोबा_ऑनलाइन
छान समजावलंस, काचपेटी. माझा जन्म शिसं-आम्लाच्या बॅटऱ्यांत गेला. आम्ही हायड्रोमीटर घेऊन प्रत्येक कप्प्याची घनता मोजायचो. चार्ज करताना आम्ल खाली जड आणि वर हलकं राहायचं, मग मुद्दाम जास्त चार्ज करून बुडबुडे काढून ते ढवळायचं. लिथियममध्ये असं काही होतं का?

आणि एक खाजगी शंका. माझा जुना फोन मागून फुगलाय, झाकण उचललं गेलंय. आतला द्रव घट्ट होऊन घन झाला असेल का?

काचपेटी
काका, तो फोन आधी बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि दाबून सरळ करायला जाऊ नका. घन नाही, उलट वायू झालाय. द्रवाचं विघटन होऊन आत गॅस साचलाय. बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे देऊन टाका.

तुमचा पहिला प्रश्न मात्र लाख मोलाचा आहे. होतं, अगदी तसंच काहीतरी होतं. जरा वेळाने सविस्तर लिहिते.

उंबरठा
थांबा, माझा गोंधळ वाढला. अडसर ग्रॅफाइटचा असेल तर इलेक्ट्रोलाइट घन करून काय साधणार? ग्रॅफाइट बदला की!

त्रैराशिक
तेच तर करतात. बहुतेकांचा बेत ग्रॅफाइट काढून त्या जागी नुसता लिथियम धातू ठेवण्याचा आहे. काहीजण तर तोही ठेवत नाहीत, नुसती तांब्याची किंवा तत्सम पातळ पत्री. पहिल्या चार्जला समोरच्या टोकातून, म्हणजे कॅथोडमधून आलेलं लिथियम तिच्यावर थर धरतं. मग शिरायला थरच नाहीत, तर रांग कसली? जे साचणं आधी रोग होता, तेच आता काम झालं.

द्रवात हे का करत नाहीत, तर द्रवात लिथियम गुळगुळीत साचत नाही, शेवाळासारखं साचतं. शिवाय प्रत्येक फेरीला ताज्या धातूशी द्रवाची प्रक्रिया होते आणि दोन्ही संपत जातात. म्हणून मध्ये घन भिंत हवी. थोडक्यात, घन इलेक्ट्रोलाइट स्वतः वेगवान आहे म्हणून नव्हे, तो ग्रॅफाइटला रजा देऊ शकतो म्हणून वेग.

काचपेटी
त्रैराशिक यांच्याशी ऐंशी टक्के सहमत. उरलेले वीस टक्के आजोबांच्या आम्लात आहेत.

द्रवात लिथियमचं मीठ विरघळलेलं असतं. म्हणजे धन लिथियम आयन आणि त्यांचे ऋण जोडीदार, दोघेही मोकळे. चार्जिंग सुरू केलं की लिथियम ग्रॅफाइटच्या टोकाकडे, म्हणजे अ‍ॅनोडकडे निघतं आणि जोडीदार उलट दिशेला. अरुंद जिन्यावर अर्धे लोक चढतायत, अर्धे उतरतायत, असं समजा. त्यात जोडीदार जास्त चपळ. नेहमीच्या द्रवात वाहणाऱ्या एकूण करंटपैकी साधारण तिसरा हिस्साच लिथियम उचलतं, फार तर चाळीस टक्के. बाकी वाहतूक आपल्या कामाचीच नाही.

याचा परिणाम असा की ऋण आयन कॅथोडकडे गोळा होतात आणि अ‍ॅनोडच्या बारीक छिद्रांत, खोलवर, मीठच कमी पडतं. खोलातलं ग्रॅफाइट उपाशी आणि सेपरेटरजवळच्या ग्रॅफाइटवर सगळा भार. मघाशी म्हटलं ना, चंदेरी चट्टे सेपरेटरच्या बाजूला जास्त? ते त्यामुळेच. काका, तुमचं आम्ल खाली-वर व्हायचं, हे आडवं होतं, आणि बुडबुडे काढून ढवळायची सोय नाही.

सिरॅमिक किंवा सल्फाइड घन पदार्थात ऋण आयन हे इमारतीचे खांब असतात, ते हलत नाहीत. लिथियम तेवढं एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत जातं. जवळजवळ सगळा करंट लिथियमचाच. मीठ एकीकडे साचणं आणि दुसरीकडे संपणं हा प्रकारच नाही.

आणि उंबरठा, तुमची भिंत वाटते तितकी भिंत नाही. २०११ मध्ये जपानमध्ये कान्नो यांच्या गटाने जर्मेनियम असलेला एक सल्फाइड दाखवला, त्यातून खोलीच्या तापमानाला लिथियम नेहमीच्या द्रवाइतक्याच सहजतेने जातं. पुढे २०१६ मध्ये त्याच वाटेवरचा दुसरा सल्फाइड त्याच्या दुपटीवर गेला. पण सगळेच घन पदार्थ तसे नाहीत. गार्नेट जातीचे ऑक्साइड दहापट किंवा त्याहून मागे असतात, आणि प्लास्टिकसारखे पॉलिमर तर ६०-७० अंशांपर्यंत गरम केल्याशिवाय हलतच नाहीत.

उंबरठा
अच्छा! म्हणजे भिंतीतून पोहणारा एकटाच आहे आणि पाण्यातला उलट्या गर्दीतून पोहतोय. आता कुठे डोक्यात शिरलं. पण पॉलिमर गरम ठेवावे लागतात म्हणजे ते बाद ना?

काचपेटी
बाद नाहीत. तसल्या बॅटऱ्यांवर गाड्या आणि बस चालल्या आहेत, उभ्या असतानाही गरम ठेवून. जलद चार्जिंगसाठी मात्र त्यांचं नाव कोणी घेत नाही. त्यांच्यात ऋण आयनही हलतात, त्यामुळे जिन्यावरची गर्दी तशीच.

शंकासुर
एवढं पुराण ऐकलं, आता माझा खडा. मार्च २०२५ मध्ये बीवायडीने ५ मिनिटांत ४०० किमीचं चार्जिंग जाहीर केलं, १००० किलोवॅटच्या चार्जरवर. सेल कुठला? द्रवाचाच, लिथियम आयर्न फॉस्फेटचा. म्हणजे ज्या वेगासाठी सॉलिड-स्टेटची आरती चाललीय तो वेग द्रवाने आधीच गाठला. मग 'द्रवात अडसर आहे' हे सांगायचं कशाला?

त्रैराशिक
अडसर आहे म्हणजे भिंत आहे असं नाही, उतार आहे. इलेक्ट्रोडचे थर पातळ केले की छिद्रं उथळ होतात आणि मीठ पोचतं. ग्रॅफाइटचे कण बारीक केले, त्यांना लेप दिला, द्रव पातळ केला, चार्जिंगआधी सेल गरम केला, तर बरंच काही साधतं. पण थर पातळ केले की तेवढ्याच विजेसाठी जास्त पत्री, जास्त सेपरेटर, म्हणजे वजन आणि जागा. द्रवात वेग आणि साठा यांची ओढाताण असते. सॉलिड-स्टेटकडून अपेक्षा आहे ती दोन्ही एकत्र मिळण्याची.

शंकासुर
अपेक्षा! हाच शब्द मी बरीच वर्षं ऐकतोय.

तारतम्य
माझा आगीचा मुद्दा कोणी पुढे नेणार की नाही? गरम होण्याचं काय?

काचपेटी
नेते. गरम सेलमध्ये आयन चटचट चालतात, म्हणून गरम करून चार्ज करणं फायद्याचं. पण आजच्या द्रवातलं मीठ ६० अंशांच्या पुढे सावकाश बिघडायला लागतं, म्हणून फार वेळ गरम ठेवता येत नाही. चांगला घन इलेक्ट्रोलाइट त्याहून वर तग धरतो, तेव्हा चार्जिंगची उष्णता काढण्याची घाई कमी. म्हणजे 'पेटत नाही म्हणून हवा तेवढा करंट' हे चूक, पण 'उष्णतेला भीत नाही म्हणून थोडा जास्त करंट' हे बरोबर. शिवाय लिथियम धातू १८० अंशांना वितळतो, तेव्हा आगीची भीती शून्य झाली असंही समजू नका. आणि सल्फाइडला हवेतली ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पेटीचा हातमोजा फाटला की सगळ्या मजल्याला सडक्या अंड्याच्या वासाने कळायचं.

तारतम्य
अर्धे गुण मिळाले, आभारी आहे.

त्रैराशिक
आता जरा हिशेब. चांगल्या सेलमध्ये कॅथोडच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३ मिलिअँपिअर-तास साठवतात असं धरू. १० ते ८० टक्के म्हणजे ७० टक्के, म्हणजे २.१. ते १५ मिनिटांत, पाव तासात, भरायचं. २.१ भागिले ०.२५, म्हणजे ८.४ मिलिअँपिअर दर चौरस सेंटिमीटरला. १० मिनिटांत हवं तर १२.६.

आता घन थर मध्ये किती अडवतो? गार्नेटसारखा मध्यम प्रतीचा थर घेऊ आणि त्याची जाडी २० मायक्रॉन धरू. ८.४ च्या करंटला सुमारे १७ मिलिव्होल्ट खर्च होतात, किरकोळ. पण प्रयोगशाळेत दाबून करतात तशी १ मिलिमीटरची गोळी घेतली तर तोच खर्च ८४० मिलिव्होल्ट. म्हणून 'अमुक पदार्थ भन्नाट वाहक' अशी बातमी आली की आधी विचारायचं, थर किती पातळ करून दाखवलाय?

काचपेटी
हिशेब चोख. पण त्यातला ८.४ हा आकडाच माझ्या झोपेवर उठला होता.

२००५ मध्ये मन्रो आणि न्यूमन यांनी गणिताने दाखवलं की मधली भिंत लिथियमपेक्षा साधारण दुप्पट ताठ असेल तर काटे वाढणार नाहीत. गार्नेट त्यापेक्षा कितीतरी ताठ. लिथियम नखाने खरवडता येईल इतका मऊ. सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. प्रत्यक्षात मी गार्नेटची गोळी घेऊन करंट पायरीपायरीने वाढवायचे, आणि खोलीच्या तापमानाला १ मिलिअँपिअरच्या आसपास, बरेचदा त्याच्याही आत, व्होल्टेजची रेघ धाडकन खाली यायची. शॉर्ट. गोळी फोडून पाहिली की आरपार काळ्या रेघा. मऊ लोणी कडक भाकरीच्या भेगेत शिरतं तसं, सूक्ष्म भेगांत आणि कणांच्या सांध्यांत शिरून, दाबाने भेग रुंदावत लिथियम पलीकडे जातं. हवे होते ८.४ आणि हातात १, हे अंतर होतं.

दुसरी गोष्ट त्याहून चोरटी. डिस्चार्ज होताना, लिथियम धातू आणि घन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथून लिथियम निघून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. द्रव असता तर आपसूक भरून निघाला असता, घन काही जागचा हलत नाही. पुढच्या चार्जला सगळा करंट उरलेल्या थोड्या स्पर्शबिंदूंवर येतो. बाहेरून ८.४ दिसला तरी त्या बिंदूंवर त्याच्या कैकपट, आणि तिथूनच भेग सुरू होते. ऑक्सफर्डच्या गटाने २०१९ मध्ये हे नीट मांडलं. म्हणजे जलद चार्ज करता येईल की नाही, हे आधीचा डिस्चार्ज किती जोरात केला होता त्यावरही ठरतं. लक्षण सोपं आहे. दर फेरीला सेलचा अंतर्गत रोध हळूहळू चढत गेला की समजायचं, आत पोकळ्या होतायत. रेघ एकदम कोसळली की काटा आरपार.

आजोबा_ऑनलाइन
मग दाबून धरायचं. आमच्या वेळी प्लेटा घट्ट बसवायचोच की.

काचपेटी
काका, तेच करतात, पण दाबाचंही गणित आहे. प्रयोगशाळेत पान्याने आवळून वाटेल तेवढा दाब देता येतो. गाडीत तेवढ्या दाबाचा सांगाडा घातला की तोच बॅटरीइतका जड. शिवाय सेल श्वास घेतो. ३ मिलिअँपिअर-तास म्हणजे जवळपास १५ मायक्रॉन जाडीचं लिथियम दर चार्जला वाढतं आणि डिस्चार्जला जातं. असे ५० थर एकावर एक असतील तर सेल दर वेळी पाऊण मिलिमीटर फुगतो आणि आकसतो.

त्रैराशिक
इथे मी थोडा आशावादी आहे. क्वांटमस्केप या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये एका थराच्या सेलचे आकडे दाखवले होते, १५ मिनिटांत ८० टक्क्यांपर्यंत, थोड्याच वातावरणांच्या दाबाखाली. सॅमसंगच्या संशोधकांनीही त्याच वर्षी चांदी आणि कार्बनचा पातळ थर मध्ये घालून लिथियम सपाट साचवून दाखवलं. म्हणजे ८.४ अशक्य नाही.

काचपेटी
अशक्य मीही म्हणत नाही. पण सॅमसंगचे हजार फेऱ्यांचे आकडे ६० अंशांचे आहेत आणि पहिलं उदाहरण एका थराचं. एका थरात एक दोष नसला की झालं, पन्नास थरांत पन्नासही निर्दोष हवेत. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

त्रैराशिक
नाही जमणार. :) पुढच्या काही वर्षांत एकाला दुसऱ्याची माफी मागावी लागेल.

घड्याळजी
आता मलाही कळतंय थोडं. एक विचारतो, कडाक्याच्या थंडीत तरी हे जलद होईल ना? थंडीत माझ्या स्कूटरचं चार्जिंग रडतं.

काचपेटी
शून्याखाली ग्रॅफाइटवर चट्टे पडतात म्हणून तुमची स्कूटर मुद्दाम हळू घेते, ते शहाणपण आहे. ग्रॅफाइट गेलं की ते एक कारण जातं. पण थंडीत घन पदार्थातल्या उड्याही मंदावतात आणि लिथियम कमी मऊ होतं, पोकळ्या भरत नाहीत. म्हणजे गरम करावं लागेलच.

उंबरठा
मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, सगळ्यांचे आभार. आता दुसरा, जरा स्वार्थी. बाजारात 'सेमी-सॉलिड' नावाने काही सेल आलेत. त्यात हे फायदे येतात का?

शंकासुर
नावात सॉलिड, पोटात द्रव.

काचपेटी
शंकासुरांनी या वेळी नेमकं सांगितलं. त्यात थोडा द्रव ठेवलेला असतो, मुख्यतः पोकळ्या आणि कोरडे सांधे टाळायला. अ‍ॅनोड बहुधा ग्रॅफाइट आणि सिलिकॉनचा. साठा वाढू शकतो, पण वेगाची जी कारणं आपण इथे बोललो त्यातलं ग्रॅफाइट जाणं आणि मीठ न साचणं, दोन्ही पूर्णपणे लागू होत नाहीत. विकणाऱ्याला एकच विचारा, अ‍ॅनोड कशाचा आहे?

त्रैराशिक
आणि चार्जर कितीचा आहे तेही. ६० किलोवॅट-तासाच्या बॅटरीत ७० टक्के म्हणजे ४२. ते १० मिनिटांत भरायचं तर सरासरी २५२ किलोवॅट लागतात. ५० च्या चार्जरवर बॅटरी कितीही घन असो, पन्नास मिनिटं बसावंच लागेल.

हलकंफुलकं
पन्नास मिनिटांत हा धागा पुन्हा पहिल्यापासून वाचून होईल. काका, फोन दिलात का टाकून?

आजोबा_ऑनलाइन
दिला. बाहेर एका लोखंडी डब्यात वाळूत ठेवला होता, सकाळी येऊन घेऊन गेले. हा प्रतिसाद मुलीच्या फोनवरून.